एकेरी झडप: बाहेरचे पाणी अडले, घरातल्याचे काय?

लंडन आणि आसपासच्या आपल्या मंडळींच्या घरांत गेल्या काही वर्षांत एक बदल सर्रास दिसतो. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येतात, गुडघे जिना चढू देत नाहीत. मग गॅरेजची खोली होते, किंवा मागच्या बाजूला एक खोली वाढते, आणि तिला लागून तळमजल्यावर संडास आणि वेट रूम येते. वेट रूम म्हणजे आपल्याकडची न्हाणीच: उंबरा नाही, टब नाही, सपाट फरशी आणि कोपऱ्यात जाळी. सोय उत्तम आहे. पण या सोयीबरोबर घरातल्या सांडपाण्याच्या नळांचे सर्वांत खालचे उघडे तोंड त्या वृद्ध माणसाच्या खोलीशेजारी येते, याचा विचार फार थोडे लोक करतात.

मुसळधार पावसात रस्त्याखालची मुख्य वाहिनी तुडुंब भरली की तिच्यातले मैलापाणी उलट्या दिशेने घराकडे चढते आणि जे तोंड सर्वांत खाली असेल त्यातून बाहेर पडते. यावर उपाय म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात. उपाय खरा आहे. पण माझे स्पष्ट मत असे आहे की ही झडप घराच्या मुख्य नळावर सरसकट बसवून घेणे हा अर्धा उपाय आहे, आणि कित्येक घरांत तो उपायापेक्षा अपाय ठरू शकतो. झडप कोणत्या कंपनीची घ्यावी यापेक्षा ती नेमकी कुठे बसवावी, हा प्रश्न मोठा आहे.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, पण पदवी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. त्यामुळे ओळखीत कुणाच्या घरी पाण्याचे, नळाचे काही निघाले की मला बोलावणे येते. खाली जे लिहितो आहे ते अशाच एका घराच्या हिशेबावरून.

आधी पाणी उलटे का येते ते पाहू. लंडनच्या जुन्या, मध्यवर्ती भागात पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच वाहिनीतून वाहते. १२ जुलै आणि २५ जुलै २०२१ ला जो ढगफुटीसारखा पाऊस झाला, त्यात नॉटिंग हिल, मेडा व्हेल अशा भागांतल्या बेसमेंटमध्ये मैलापाणी शिरले, ते याच कारणाने. बाहेरच्या उपनगरांत, जिथे आपली बरीच मंडळी राहतात, तिथे सहसा दोन वाहिन्या वेगळ्या असतात. म्हणून तिथले लोक निर्धास्त असतात. पण वेगळ्या असणे कागदावर असते. वर्षानुवर्षे कुणी मागचे छप्पर वाढवले, कुणी पोर्च बांधला, आणि पन्हळीचा पाइप जवळ दिसला त्या मैलावाहिनीला जोडून टाकला. जुन्या सांध्यांतून जमिनीतले पाणीही आत झिरपते. परिणामी जोराच्या पावसात मैल्याची वाहिनीसुद्धा भरते.

वाहिनी भरली म्हणजे पाणी किती वर चढेल? साधारणपणे रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणापर्यंत. तिथून ते रस्त्यावर सांडू लागते, त्यामुळे त्याहून वर चढत नाही. म्हणजे आपल्या घरातले जे तोंड रस्त्यावरच्या जवळच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली आहे, ते धोक्यात. जे वर आहे ते सुरक्षित. इतका साधा नियम आहे. वरच्या मजल्यावरच्या संडासात हे पाणी कधीच येणार नाही. स्वयंपाकघरातल्या सिंकचे तोंडही बहुधा पुरेसे वर असते. उरते ती तळमजल्यावरची फरशीतली जाळी, आणि तिच्यानंतर संडासाचे भांडे.

ही उंची मोजायला महागडे यंत्र लागत नाही. आपल्याकडे गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवतो, तेच करायचे. एक टोक वेट रूमच्या जाळीशी धरायचे, दुसरे रस्त्याकडेला झाकणाच्या रेषेत. नळीतले पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येते, मग टेपने दोन्हीकडचे अंतर मोजून फरक काढायचा. रस्त्यावरचे झाकण उघडायचे नाही आणि रहदारीत उभे राहायचे नाही, एवढे भान ठेवा.

आता ते घर. वायव्य लंडनमधले १९३० च्या सुमाराचे सेमी-डिटॅच्ड घर, रस्ता जरा उंचावर, ड्राइव्ह घराकडे उतरत येणारी. आमच्या परिचयाचे एक जोडपे तिथे राहते. त्यांनी नवऱ्याच्या आईसाठी गॅरेजची खोली केली आणि तिला वेट रूम जोडली. आजींना मधुमेह आहे, पाय सांभाळावे लागतात. पहिल्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी जोराची सर आली आणि वेट रूमच्या जाळीतून काळे पाणी दोन बोटे वर आले. तासाभरात ओसरले. आजी तेव्हा बाहेरच्या खोलीत होत्या, म्हणून थोडक्यात निभावले.

सुरुवातीला सगळ्यांना वाटले की नळ तुंबला. हा गोंधळ बऱ्याच घरांत होतो, म्हणून फरक सांगतो. नळ तुंबलेला असेल तर पाणी कोरड्या दिवशीही हळू उतरते आणि वरचा फ्लश सोडला की खालच्या जाळीत गुडगुड ऐकू येते. मुख्य वाहिनी भरत असेल तर कोरड्या दिवशी सारे काही ठीक असते आणि गुडगुड फक्त जोराच्या पावसात येते. दुसरी खूण अंगणातल्या चेंबरमध्ये सापडते. झाकण उचलून टॉर्च मारला तर भिंतीवर गाळाची आडवी रेघ आणि तिच्यापर्यंत चिकटलेले कागदाचे कपटे दिसतात. पाणी पूर्वी कुठवर चढले होते ते ती रेघच सांगते. या घरात ती झाकणाच्या अगदी जवळ होती. म्हणजे नळ साफ करून भागणार नव्हते.

कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये एकच ओळ होती: मुख्य लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, एक नग. ड्राइव्हमधल्या चेंबरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावर तो बसणार होता. त्या चेंबरला दोन नळ येऊन मिळत होते. एक वरच्या मजल्यावरचे बाथरूम आणि स्वयंपाकघर यांचा, दुसरा वेट रूमचा. म्हणजे झडप दोन्हींच्या पुढे बसणार, साऱ्या घराला एकच.

आम्ही मोजमाप घेतले. वेट रूमची जाळी रस्त्याच्या झाकणापेक्षा ३५ सेंटीमीटर खाली. झडपेची जागा जाळीच्याही ६० सेंटीमीटर खाली. म्हणजे रस्ता भरलेला असताना झडपेवर बाहेरून ९५ सेंटीमीटर पाण्याचा दाब येणार. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळात हा दाब साधारण साडेसात किलो वजनाइतका होतो. तो झडपेला तिच्या बैठकीवर घट्ट दाबून धरतो. बाहेरचे पाणी आत येणार नाही, इथपर्यंत सारे झकास.

पण तीच झडप आतून उघडण्यासाठी काय लागेल? आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्यापेक्षा वर जायला हवी. बाहेरची पातळी रस्त्याच्या झाकणाइतकी आहे आणि वेट रूमची जाळी त्याच्या ३५ सेंटीमीटर खाली आहे. म्हणजे झडप उघडण्याइतके पाणी आत साठण्याच्या कितीतरी आधी ते जाळीतून खोलीत येणार. या वेळी बाहेरचे नव्हे, घरातलेच. झडप बंद असताना आपले घर बूच लावलेल्या बाटलीसारखे असते. त्यात ओतलेले सर्व काही सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर येते.

मग या बाटलीत मावते किती? चेंबर आणि त्याला मिळणारे नळ धरून, जाळीच्या पातळीपर्यंत सुमारे ९० लिटर. वरच्या मजल्यावरचा एक फ्लश ६ लिटरचा. वॉशिंग मशीन एका धुण्यात सुमारे ५० लिटर सोडते. कुणी दहा मिनिटे शॉवर घेतला तर ८० लिटर. पाऊस तासभर चालला आणि घरात पाच माणसे असली तर ९० लिटर भरायला वेळ लागत नाही. तरी हे हाताबाहेरचे नाही. घरच्यांना सांगता येते की पाऊस थांबेपर्यंत पाणी सोडू नका.

पावसाला मात्र तसे सांगता येत नाही. घराच्या मागच्या बाजूला आम्ही पन्हळीचा पाइप तपासला. छपरावर रंगीत पाणी ओतले आणि चेंबरमध्ये पाहत राहिलो. रंग मैल्याच्या चेंबरमध्ये आला. वाढीव बांधकाम करताना पूर्वीच्या कुणीतरी तो पाइप चुकीच्या वाहिनीला जोडलेला होता. त्या पन्हळीला छपराचा साधारण ४० चौरस मीटर भाग उतरत होता. तासाला २० मिलिमीटर पाऊस धरला तर ४० चौरस मीटरवर ८०० लिटर पाणी पडते. ९० लिटरची बाटली त्याने सातव्या मिनिटाला भरते. म्हणजे कोटेशनप्रमाणे काम झाले असते, तर पुढच्या सरीत झडप बरोबर बंद झाली असती, आणि घराच्याच छपरावरच्या पाण्याने घरातला मैला उचलून आजींच्या खोलीत आणला असता. झडप नसताना दोन बोटे पाणी आले होते. झडप बसवून ते याहून जास्त आले असते आणि कंत्राटदाराने दाखवले असते की झडप तर उत्तम चालते आहे!

म्हणून माझा आग्रह असा, की झडप साऱ्या घरावर बसवू नका. जे तोंड खरोखर पातळीखाली आहे, फक्त त्याच्या फांदीवर बसवा. बाकीचे नळ तिला वळसा घालून, तिच्या पुढे मुख्य लाइनला मिळू द्या. हे काही माझे डोके नव्हे. इंग्लंडच्या बांधकाम नियमांबरोबर जे मार्गदर्शन प्रसिद्ध होते, त्यातल्या एच विभागात हेच सांगितले आहे: ज्या भागांना उलट्या पाण्याचा धोका नाही त्यांनी संरक्षक साधनाला वळसा घालून उताराने वाहावे. नियम छापलेला आहे. कोटेशन देणारे तो वाचतातच असे नाही.

या घरात शेवटी तीन गोष्टी झाल्या. वेट रूमचा नळ चेंबरला जिथे मिळतो, त्याच्या अलीकडे छोटे चेंबर करून झडप फक्त त्या फांदीवर बसवली. वरचा नळ जसा होता तसाच मुख्य चेंबरला राहिला. वरच्या मजल्यावरचे बाथरूम रस्त्यापेक्षा दोन मीटरहून अधिक उंच असल्यामुळे, वाहिनी भरलेली असतानाही वरून येणारे पाणी स्वतःच्या वजनाने पुढे ढकलले जाते. दुसरी गोष्ट, मागची पन्हळ पावसाच्या पाण्याच्या वाहिनीला जोडून घेतली. तिसरी, ड्राइव्हमधल्या मुख्य चेंबरला बोल्टने आवळणारे सीलबंद झाकण बसवले, कारण तेही रस्त्याच्या पातळीखाली होते. वेट रूमचा रस्ता बंद केल्यावर पाण्याने दुसरा रस्ता तिथूनच शोधला असता.

मर्यादाही सांगतो. जोराच्या पावसात वेट रूमचा संडास एखाद-दुसऱ्या फ्लशपलीकडे वापरता येत नाही, शॉवर तर नाहीच. त्या फांदीत जेमतेम २५ लिटर मावतात. आजींना वर चढता येत नाही, म्हणून त्या तासाभरासाठी खोलीत कमोडची खुर्ची ठेवली आहे. हे गैरसोयीचे आहे. पण गैरसोय आणि घरात मैला यांतून निवडायचे असेल तर प्रश्न उरत नाही.

काही घरांत अशी वेगळी फांदी काढताच येत नाही. बेसमेंट फ्लॅटमध्ये सगळेच पातळीखाली असते. तिथे झडपेच्या जोडीला पंप लागतो. झडप बंद झाली की घरातले पाणी एका टाकीत साठते आणि पंप ते उचलून, दाबाने, भरलेल्या वाहिनीत सोडतो. थेम्स वॉटर कंपनीने पश्चिम लंडनच्या काउंटर्स क्रीक भागात अनेक घरांना अशी जोडी बसवून दिली. तिला फ्लिप म्हणतात. मुंबईकरांना हे तत्त्व नवीन नाही. भरतीच्या वेळी समुद्र आत येऊ नये म्हणून पर्जन्यवाहिन्यांच्या तोंडाशी दरवाजे लावले, की शहरातले पाणी आत अडकते. म्हणून हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह येथे पंपिंग स्टेशने उभारावी लागली. दरवाजा आणि पंप ही जोडीच आहे, नुसता दरवाजा पुरत नाही. घरातल्या पंपाची अडचण एवढीच की तो विजेवर चालतो आणि वादळी पावसात वीज जाऊ शकते. म्हणून जिथे फांदी वेगळी करणे शक्य आहे तिथे मी पंपाच्या वाटेला जाऊ नका असेच सांगेन.

उलट ज्यांच्या घराची फरशी बाहेरच्या अंगणापेक्षा चांगली वर आहे, त्यांना कदाचित झडपेचीही गरज नाही. घराबाहेर, आतल्या फरशीपेक्षा किमान ७५ मिलिमीटर खाली, उघड्या जाळीचा गली ट्रॅप असेल तर उलटे आलेले पाणी आधी तिथून अंगणात सांडते. गली ट्रॅप म्हणजे भिंतीलगतचा तो चौकोनी खड्डा, ज्यात स्वयंपाकघराचा पाइप येऊन पडतो. बाहेरची घाण धुता येते. धोका कमी असेल तिथे हा स्वस्त उपाय पुरतो असे तेच मार्गदर्शन सांगते. अट एकच, तो उघडा राहिला पाहिजे. आपण हौसेने अंगणात लाकडी डेक घालतो आणि नेमका तोच झाकतो. वरच्या घरात हा उपाय शक्य नव्हता, कारण गॅरेजची फरशी आधीच अंगणाच्या पातळीला होती.

झडप बसली म्हणजे काम संपले असेही नाही. तिच्या बैठकीवर केसांचा पुंजका, चरबीचा थर किंवा वेट वाइप्सचे एक फडके अडकले तरी ती पूर्ण मिटत नाही, आणि मग ती असून नसल्यासारखीच. पाकिटावर फ्लश करण्याजोगे असे लिहिले असले तरी वाइप्स संडासात टाकू नका. झडप घेताना दुहेरी घ्या, म्हणजे एका मागे एक दोन झडपा आणि त्यांतली एक हाताने बंद करायचा खटका. बीएस ईएन १३५६४ हे मानक तिच्यावर छापलेले असावे. बसवताना तिच्यावर हात पोहोचेल असे झाकण हवेच. मातीत पुरलेली झडप कधीच साफ होत नाही.

वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पानगळ संपल्यावर नोव्हेंबरमध्ये, हातमोजे घालून झाकण उघडा. पाण्याच्या पाइपने झडप धुवा, रबराच्या कडेवरून बोट फिरवून चीर किंवा खरखर आहे का ते पाहा. मग घरातून बादलीभर पाणी सोडायला सांगा. झडप सहज उचलली जाऊन पाणी गेल्यावर पुन्हा सपाट बसली पाहिजे. अर्धवट लटकली तर बिजागरीत काहीतरी अडकले आहे. आणि घरात कुठेतरी, मीटरच्या पेटीत म्हणा, एक चिठ्ठी लावा: या घराला झडप आहे, ती इथे आहे, खटका असा फिरवायचा. उद्या घर विकले किंवा भाड्याने दिले तर नव्या माणसाला कळायला नको का?

आता पैशाचे. झडप स्वतः फार महाग नसते. खर्च असतो तो खोदकामाचा, आणि खोली व फरशी यांवर तो खूप बदलतो. म्हणून वेट रूम बांधतानाच, फरशी उघडी असताना, फांदी वेगळी काढून झडपेची जागा करून घेतली तर थोडक्यात काम होते. नंतर तीच गोष्ट ड्राइव्ह फोडून करावी लागते. मोजमाप कोटेशन मागवण्याआधी घ्या, नंतर नव्हे.

खोदण्यापूर्वी नळ कुणाचा हे पाहणे जरुरीचे आहे. १ ऑक्टोबर २०११ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये शेजाऱ्यांशी सामाईक असलेले, किंवा आपल्या हद्दीबाहेर गेलेले बहुतेक खासगी नळ पाण्याच्या कंपनीच्या मालकीचे झाले. तुमच्या हद्दीतला, फक्त तुमच्या घराचा नळ तेवढा तुमचा. जुन्या टेरेस घरांत मागच्या अंगणांतून एकच नळ पाच-सहा घरांचे पाणी नेतो. त्यावर तुम्ही झडप टाकलीत तर वरच्या अंगाच्या शेजाऱ्यांचे मैलापाणी तुमच्या झडपेमागे तुंबेल, आणि मग शेजारधर्माबरोबर कायदाही आड येईल. सामाईक नळावर काम करायचेच असेल तर ते कंपनीने करायचे. पाणी घरात आले की दर वेळी कंपनीला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. वारंवार तक्रारी नोंदलेल्या असतील तरच ती गल्ली कंपनीच्या कामांच्या यादीत वर सरकते. आपली माणसे लाजेखातर, किंवा घराची किंमत पडेल म्हणून गप्प बसतात. त्यात नुकसान आपलेच.

विम्याबाबतही एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नाही. फ्लड री ही योजना २०१६ साली सुरू झाली आणि २०३९ पर्यंत चालणार आहे. तिच्यात १ जानेवारी २००९ पूर्वी बांधलेली घरे बसतात. तिच्याच अंतर्गत २०२२ पासून, सहभागी विमा कंपन्या पुराचा दावा मंजूर करताना नुसती पूर्ववत दुरुस्ती नव्हे, तर पुढच्या वेळी नुकसान टळावे यासाठीच्या कामांना १०,००० पौंडांपर्यंत देऊ शकतात. त्या कामांत झडपही बसते. हे पैसे दाव्यानंतरच मिळतात, आधी नव्हे, आणि सर्व कंपन्या यात नाहीत. म्हणून विम्याचे नूतनीकरण करताना फोनवर हा एक प्रश्न विचारा. झडप बसवली असेल तर तिचे फोटो आणि पावती पॉलिसीबरोबर ठेवा.

आरोग्याचे थोडक्यात, कारण मुद्दा स्पष्टच आहे. वेट रूममध्ये आपण अनवाणी वावरतो, तीच आपली सवय. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाला बारीक भेग असली तरी त्याला ती जाणवत नाही, आणि मैलापाण्यातले जंतू तिथून शिरतात. अशा खोलीत पाणी ओसरल्यावरही, फरशी साबणाने व जंतुनाशकाने धुऊन कोरडी होईपर्यंत वृद्धांनी आणि मुलांनी जाऊ नये. साफ करणाऱ्याने बूट आणि हातमोजे घालावेत. ओला झालेला गालिचा, पायपुसणे, गादी वाळवून वापरायच्या वस्तू नव्हेत. त्या टाकाव्यात.

शेवटी भारतातल्या घरांविषयी, कारण आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील पुण्या-मुंबईत तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि पावसाळ्यात त्यांच्या बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येते असे फोनवर सांगतात. तिथे हाच प्रश्न अधिक बिकट आहे. वरच्या चार मजल्यांचा उभा पाइप आणि तळमजल्याचा नळ जर इमारतीखालीच एकत्र होत असतील, तर त्यांच्या पुढे बसवलेली झडप बंद झाल्यावर चार मजल्यांचे पाणी एकट्या तळमजल्याच्या घरात उतरेल. वरच्या लोकांना पत्ताही लागणार नाही. म्हणून सोसायटीकडे नुसती झडप मागू नका. तळमजल्याचा नळ वेगळा काढून स्वतंत्रपणे चेंबरपर्यंत न्यावा आणि झडप त्यावर बसवावी, अशी लेखी मागणी करा. इमारतीचे प्लंबिंग बदलायला निघाले असेल, तर ही मागणी करायची वेळ तीच.

आणि इथे घरी कंत्राटदार आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. झडपेच्या मागे कोणकोणते नळ येतात? छपराचे पाणी कुठे जाते? झडप बंद असताना वरचा फ्लश ओढला तर ते पाणी कुठे जाईल? तिसऱ्या प्रश्नावर तो कागद-पेन्सिल घेऊन चित्र काढू लागला तर त्याला काम द्या. नुसते हसून काही होत नाही म्हणाला, तर चहा पाजून निरोप द्या.